दूध उतू का जाते, आणि पुन्हा पुन्हा तापवावे का?

रथसप्तमीच्या सकाळी नाशिकच्या जुन्या वस्त्यांतील अंगणांत आणि आता सोसायट्यांच्या गच्च्यांवरही तुळशीसमोर गोवऱ्या पेटवल्या जातात. त्यावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवून ते मुद्दाम उतू जाऊ दिले जाते. वास्तुशांतीलाही तेच. वर्षातले हे मोजके प्रसंग सोडले, तर दूध उतू जाणे हा घरातला छोटासा अपघातच असतो. पाच मिनिटे ओट्याशी उभे राहून काही होत नाही, दारावरची बेल वाजली म्हणून वळावे, तर मागे 'फस्स' असा आवाज आणि शेगडीभर दूध.

दुधावर पाळत ठेवली की ते वर येत नाही आणि नजर हटली की येते, असे गमतीने म्हटले जाते. प्रत्यक्षात यात नशिबाचा भाग नाही. दूध उतू जाते त्यामागे आणि त्यावर साय धरते त्यामागे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दुधातील प्रथिने. तीच समजून घेतली, की 'दूध दिवसातून तीनदा तापवले तर त्यातले सत्त्व जाते का' या घरोघरच्या प्रश्नाचे उत्तरही सापडते.

पाणी उतू जात नाही, दूध का जाते?

दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. म्हशीच्या दुधात थोडे कमी. उरलेल्या भागात स्निग्धांश, दुग्धशर्करा, साडेतीन-चार टक्के प्रथिने आणि कॅल्शियमसारखी खनिजे. पातेल्यात नुसते पाणी उकळले तर तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात, वर येतात आणि पृष्ठभागावर आले की फुटतात. वाफ हवेत निघून जाते. कितीही खळखळून उकळले तरी पाणी पातेल्याबाहेर चालत येत नाही.

दुधातही बुडबुडे तसेच तयार होतात, पण ते फुटत नाहीत. दुधातील प्रथिनांच्या रेणूंचा काही भाग पाण्याकडे ओढ घेणारा आणि काही भाग पाण्यापासून दूर पळणारा असतो. त्यामुळे पाणी आणि वाफ यांच्या सीमेवर जाऊन बसणे त्यांना सोयीचे पडते. प्रत्येक बुडबुड्याभोवती प्रथिनांचे पातळ, लवचिक अस्तर तयार होते. साबणाचा फेस टिकतो त्याच तत्त्वाने दुधाचा फेस टिकतो. त्यातच वरती साय धरायला लागलेली असते. म्हणजे खालून येणारी वाफ फेसात अडकते आणि वरून तिच्यावर झाकणही बसलेले असते.

आता हे सगळे इतके अचानक का घडते ते पाहू. घरगुती गॅसच्या मध्यम शेगडीतून पातेल्याला मिळणारी उष्णता साधारण एक किलोवॅट धरली, तर दूध तापत असताना ती सगळी तापमान वाढवण्यात खर्च होते. त्या काळात वरून फारसे काही दिसत नाही. मात्र दूध उकळीला पोहोचले की तापमान वाढायचे थांबते आणि तीच उष्णता पाण्याची वाफ करू लागते. एक मिलिलिटर पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ १.७ लिटर जागा व्यापते. एक किलोवॅट उष्णतेतून दर सेकंदाला अर्ध्या मिलिलिटरहून थोडे कमी पाणी वाफेत बदलते, म्हणजे दर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास वाफ. पातेल्यात दुधाच्या वर अर्धा लिटर जागा रिकामी असेल आणि ही वाफ फेसात अडकून राहिली, तर ती जागा भरायला एक-दोन सेकंद पुरतात. पाच मिनिटे काही न होणे आणि मग डोळ्यांदेखत दूध बाहेर येणे, हा त्या हिशेबाचा परिणाम आहे.

यावर स्वयंपाकघरात पूर्वापार चालत आलेले उपायही याच हिशेबात बसतात. आच चतुर्थांश केली की वाफही चतुर्थांश होते आणि फुटणाऱ्या बुडबुड्यांचा वेग तयार होणाऱ्यांना गाठतो. फुंकर मारली की फेसाच्या वरच्या थरातील वाफ थंड होऊन तिचे पाणी होते व फेस बसतो, पण आच तशीच असेल तर क्षणभरच. दुधात पळी उभी ठेवली की साय एकसंध धरत नाही आणि वाफेला बाहेर पडायला वाट राहते. बासुंदी आटवताना तळाशी पालथी बशी ठेवतात, तिच्याखाली वाफ साठून मोठमोठे बुडबुडे अधूनमधून उसळतात. ते बारीक फेस मोडतात आणि तळाचे दूध हलते ठेवतात, म्हणून दूध लवकर लागतही नाही. यांतला कोणताही उपाय मोठ्या आचेवर फार काळ टिकत नाही. सर्वांत खात्रीचे दोनच, दुधापेक्षा दुप्पट मापाचे रुंद तोंडाचे पातेले आणि पहिला फेस कडेने चढू लागताच बारीक केलेली आच.

शिट्टीच्या दूध कुकरमध्ये दूध उतू का जात नाही, याचे कारण वेगळे आहे. त्याच्या दुहेरी भिंतीत पाणी असते. भांड्याची आतली बाजू त्या पाण्यापेक्षा जास्त तापू शकत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. दूध त्या तापमानाच्या जवळ जाते, पण त्याला खळखळून उकळी येत नाही. दूध सुरक्षित करायला मात्र एवढी उष्णता पुरून उरते.

साय म्हणजे नुसते लोणी नव्हे

दूध तापत असताना वर येणारा पातळ पापुद्रा आणि दूध गार झाल्यावर जमणारी जाड साय यांना आपण एकच नाव देतो. त्यांची घडण थोडी वेगळी आहे.

पापुद्र्याची सुरुवात दूध उकळण्याच्या बरीच आधी होते. दूध चांगले गरम झाले की पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन उडते आणि तेथे प्रथिने दाटीने जमतात. ७० अंशांच्या पुढे दुधातील मठ्ठ्याची प्रथिने, म्हणजे दही बांधल्यावर वरच्या निवळीत राहतात ती, आपली मूळ घडी सोडून उलगडू लागतात. उलगडलेली प्रथिने एकमेकांना आणि केसिन या मुख्य प्रथिनाला चिकटतात. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, त्याचाच हा फार पातळ प्रकार. या जाळ्यात स्निग्धांशाचे कण अडकतात. पापुद्रा बाजूला काढला की काही मिनिटांत दुसरा धरतो, कारण खाली प्रथिने भरपूर शिल्लक असतात.

दूध गार होऊ लागले की दुसरे काम सुरू होते. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असल्याने त्याचे कण सावकाश वर चढतात आणि आधीच्या पापुद्र्याखाली साठतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण सहा ते आठ टक्के असतो, गाईच्या दुधात साडेतीन ते साडेचार. म्हशीच्या दुधातील कण आकारानेही मोठे असतात, म्हणून लवकर वर येतात. सकाळी तापवलेल्या म्हशीच्या दुधावर दुपारी भाकरीसारखी साय मिळते ती यामुळे. पिशवीतील टोन्ड दुधात स्निग्धांश तीन टक्केच ठेवलेला असतो. काही दुधावर होमोजिनायझेशनची प्रक्रिया केलेली असते, म्हणजे दाब देऊन स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. त्यामुळे 'साय धरत नाही म्हणजे दुधात पाणी घातले आहे' असा निष्कर्ष दर वेळी खरा नसतो.

सायीत प्रथिने असतात याचा पुरावा प्रत्येक घरात मिळतो. साय साठवून, विरजून, घुसळून काढलेले लोणी कढवले की तुपाखाली जी तांबूस बेरी उरते, तो मुख्यतः प्रथिने आणि दुग्धशर्करेचा भाग असतो. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा वाढलेल्या कोलेस्टेरॉलमुळे स्निग्धांश कमी करायचा आहे, त्यांनी दूध तापवून फ्रिजमध्ये पूर्ण गार केल्यावर साय काढावी. गरम असतानाच पापुद्रा काढला तर बराचसा स्निग्धांश अजून दुधातच असतो. दोन्ही वेळा साय काढली तरी म्हशीचे दूध 'बिनसायीचे' होते, 'बिनस्निग्धांशाचे' होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

पहिली उकळी कशासाठी?

गोठ्यातून थेट आलेले दूध कधीही कच्चे पिऊ नये. धारोष्ण दूध पौष्टिक असते, हा समज ग्रामीण भागात आणि व्यायाम करणाऱ्या तरुणांत अजून आढळतो. जनावर वरून धडधाकट दिसत असले तरी त्याच्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. यात आठवडेच्या आठवडे चढउतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, पाठ व सांधे दुखणे अशी लक्षणे असतात आणि त्यावर साध्या तापाचे औषध घेत राहिल्यास निदान लांबते. गुरांतील क्षयाचे जंतूही दुधातून माणसापर्यंत पोहोचतात. बरेच दिवस न हटणाऱ्या तापात आपण कच्चे दूध पितो किंवा गुरांची कामे करतो हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे, कारण कोणती तपासणी करायची हे त्यावरून ठरते.

हे जंतू मारायला फार उष्णता लागत नाही. पाश्चरीकरणात दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात. घरी उकळी आलेले दूध त्याच्या पुष्कळ पुढे गेलेले असते. फक्त फेस वर आला म्हणजे सगळे दूध सारखे तापले असे धरू नये. मोठ्या पातेल्यात न ढवळता तापवलेल्या दुधाचे काही भाग मागे राहू शकतात. वर येताच आच बारीक करून, ढवळत एक-दोन मिनिटे उकळू द्यावे, एवढे पुरते.

पिशवीतील दूध आधीच पाश्चरीकरण केलेले असते. ते सतत थंड राहिले असेल तर जंतू मारण्यासाठी पुन्हा उकळणे आवश्यक नसते. पण नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात टेम्पोपासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून घरापर्यंत ती पिशवी किती वेळ गरम राहिली हे ग्राहकाला कळत नाही. म्हणून एकदा उकळी आणणे शहाणपणाचे.

तीनदा तापवलेले दूध

पंचवटीतील एखादे घर डोळ्यांसमोर आणू. महिना मे. सकाळी साडेसहाला गवळ्याने दोन लिटर म्हशीचे दूध दिले. सातला ते उकळून ओट्यावरच झाकून ठेवले. दुपारी एकला पुन्हा उकळले, संध्याकाळी सातला पुन्हा. 'तापवत राहिले की नासत नाही' असा घरातला नियम. यात दुधाचे नेमके काय होते?

पहिला बदल पाण्याचा. प्रत्येक उकळीत थोडे पाणी उडते. समजा दर वेळी शंभर मिलिलिटर गेले, तर संध्याकाळी, कोणी न पिताही, सतराशे मिलिलिटर उरते. दूध दाट लागते आणि 'आटवून पौष्टिक झाले' असे वाटते. प्रत्यक्षात नवीन काहीच आलेले नसते. तेच घटक कमी पाण्यात आहेत. पेला तेवढाच घेतला तर त्यातून स्निग्धांश आणि साखर जास्त पोटात जाते, एवढाच फरक. मधुमेही आणि वजन सांभाळणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा.

दुसरा बदल प्रथिनांचा. ती उलगडतात, पण नष्ट होत नाहीत. पोटात गेल्यावर आम्ल आणि पाचकरस त्यांना उलगडणारच असतात. त्यामुळे उकळलेल्या दुधातील प्रथिने निरुपयोगी होतात हे खरे नाही. फार वेळ आटवल्यावर येणारा तांबूस रंग आणि खमंग वास दुग्धशर्करा व प्रथिने यांच्या संयोगाने येतो. त्यात लायसिन या आवश्यक घटकाचा थोडा भाग शरीराला मिळेनासा होतो. खव्यात हे दिसते, दोन-तीनदा उकळलेल्या दुधात नगण्य असते. कॅल्शियमही उडून जात नाही. थोडेसे तळाच्या खरवडीत अडकते, म्हणून दूध ढवळावे आणि पातेले आधी पाण्याने विसळून घ्यावे.

तिसरा बदल जीवनसत्त्वांचा, आणि तो खरा आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने जाते, पण दूध हा त्याचा मुख्य स्रोत कधीच नव्हता. महत्त्वाचे आहे ते ब-१२. दूध दोन ते पाच मिनिटे उकळल्यास त्यातील ब-१२ सुमारे ३० टक्के आणि अर्धा तास उकळल्यास सुमारे ५० टक्के कमी होते, असे अभ्यासांत आढळले आहे. मांस-मासे-अंडी खाणाऱ्याला ही घट जाणवणार नाही. शुद्ध शाकाहारी माणसाला मात्र ब-१२ मिळण्याचा दूध-दही हाच जवळजवळ एकमेव नैसर्गिक मार्ग असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील पुरुषांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत ब-१२ कमी आढळले. पुण्यातीलच दुसऱ्या एका अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तरुण शाकाहारींना रोज दूध दिल्यावर त्यांच्या रक्तातील ब-१२ सुधारले.

हिशेब करून पाहू. शंभर मिलिलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम ब-१२ धरले, तर दोन पेल्यांतून, म्हणजे ४०० मिलिलिटरमधून, १.६ मायक्रोग्रॅम मिळते. प्रौढाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एकदा नीट उकळलेल्या दुधातून १.१ च्या आसपास पदरात पडते, दिवसभर उकळत राहिलेल्या दुधातून ०.८ पर्यंत उतरू शकते. पहिली घट टाळता येत नाही, कारण जंतू मारणे त्याहून महत्त्वाचे. पुढची घट टाळता येते. येथे उकळ्या किती आल्या यापेक्षा दूध एकूण किती मिनिटे उकळले हे अधिक महत्त्वाचे. हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, जिभेची आग असे त्रास असलेल्या शाकाहारी व्यक्तीने मात्र दूध वाढवून वाट पाहू नये, रक्त तपासून घ्यावे.

खरा धोका दोन उकळ्यांच्या मधला

तरीही त्या पंचवटीतील घरात सर्वांत काळजीची गोष्ट तिसरी उकळी नाही. ती आहे सकाळी सात ते दुपारी एक हा वेळ.

उकळण्याने दूध पूर्ण निर्जंतुक होत नाही. काही जंतू बीजाणूच्या रूपात, म्हणजे जाड कवचात बंद होऊन, उकळी सहन करतात. बॅसिलस सेरियस हा त्यातला एक. दूध कोमट झाले की कवच उघडते आणि वाढ सुरू होते. झाकण उघडताना, पळी बुडवताना, हात लागून नवे जंतूही येतात. अनुकूल उष्णतेत एक जंतू अर्ध्या तासाला दुप्पट होतो असे धरले, तर सहा तासांत बारा वेळा दुप्पट होऊन एकाचे चार हजारांहून अधिक होतात.

दुपारी पुन्हा उकळले की यातले बहुतेक मरतात, आणि म्हणूनच घरातला नियम 'चालतो' असे वाटते. पण बॅसिलस सेरियस आणि स्टॅफिलोकॉकस हे जंतू वाढताना जी विषे सोडतात, त्यांतील काही उकळत्या तापमानालाही टिकतात. जंतू मेले, विष राहिले. असे दूध प्यायल्यावर काही तासांत जोरदार उलट्या, पोटात मुरडा होतो. लहान मुले आणि वृद्ध त्यात लवकर गळून जातात. म्हणून वास आला, चव बदलली किंवा बराच वेळ उन्हाळ्यात बाहेर राहिले, तर 'पुन्हा उकळू' हा त्यावरचा उपाय नव्हे.

दूध तापवताना नासले तर ते चांगलेच इशारा देते. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. जंतूंनी दुग्धशर्करेचे आम्ल केले की तो उतरतो आणि गार असताना ठीक दिसणारे दूध उष्णता लागताच फाटते. उलट न नासणे हा मात्र चांगलेपणाचा दाखला नाही. काही ठिकाणी आंबट होऊ लागलेल्या दुधात खाण्याचा सोडा मिसळला जातो. आम्ल झाकले जाते, दूध फाटत नाही, जंतू मात्र असतात. दूध नेहमीपेक्षा लवकर तांबूस होऊ लागले किंवा साबणासारखी, तुरट चव लागली, तर दूधवाला बदलावा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

मग त्या घराने काय करावे? सकाळी दूध एकदाच, ढवळत, एक-दोन मिनिटे उकळावे. पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून पाणी एकदा-दोनदा बदलावे, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात ते निवते. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे. लागेल तेवढेच स्वच्छ, कोरड्या पळीने छोट्या भांड्यात काढून गरम करावे, त्याला उकळी आलीच पाहिजे असे नाही. गरम केलेले उरले तर पुन्हा मोठ्या पातेल्यात ओतू नये. फ्रिज नसेल तर दोन लिटर एकदम घेण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ एक-एक लिटर घ्यावे, आणि दुपारी उरलेल्याला विरजण लावावे. दह्यातल्या आम्लात बहुतेक घातक जंतूंचा जोर टिकत नाही, आणि ब-१२ वाचवण्यासाठी तिसरी उकळीही लागत नाही.